पुणे ते फलटण वारी, सात दिवस आणि चार जोड मोजे

गेल्या वर्षी मी फक्त पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चालले होते, नेहमीचे ऑफिसचे कॉटनचे मोजे घालून, आणि घरी आले ते दोन्ही टाचांना पाण्याचे फोड घेऊन. आठवडाभर चप्पल सुद्धा नीट घालता येत नव्हती. कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं, मग मोजा ओला होऊन सैल पडतो, बुटात त्याच्या चुण्या पडतात आणि त्या चुण्यांवर आपण तीस किलोमीटर चालतो, हे सगळं मला नंतर कळलं. यंदा सात दिवस जायचं ठरलं, माऊलींच्या पालखीबरोबर फलटणपर्यंत, मावशीच्या ओळखीच्या परभणीकडच्या एका दिंडीत. बरोबर माझा मावसभाऊ, जो सह्याद्रीत भरपूर फिरलाय आणि सिंथेटिक मोज्यांशिवाय काही घालत नाही. माझ्या बहिणीने मात्र मला मेरिनो लोकरीचे दोन जोड दिले होते, एक जाड आणि एक पातळ. मी दोन पातळ सिंथेटिक जोड पण घेतले, पॉलिएस्टर-नायलॉनचे, रनिंगवाले. म्हटलं एवढं चालायचंच आहे तर दोन्ही नीट बघून घेऊ.

एक आधीच सांगते, मेरिनो म्हणून विकतात ते मोजे शंभर टक्के लोकर नसतात. माझ्या जाड जोडीवर साठ टक्के मेरिनो, बाकी नायलॉन आणि थोडं इलास्टिक असं लिहिलेलं होतं. आणि हे चांगलंच आहे, नुसत्या लोकरीला टाचेपाशी लवकर भोक पडतं, नायलॉन तिला टिकवतं. त्यामुळे घेताना पाकिटाच्या मागे टक्केवारी वाचा. दहा-वीस टक्के लोकर असलेला मोजा पुढे मी जे लिहिणारे तसा वागणार नाही.

दिवस पहिला, पुणे ते सासवड

एकादशी. पहाटे भवानी पेठेतून निघालो. हा सगळ्यात मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. डाव्या पायात जाड मेरिनो, उजव्या पायात सिंथेटिक, असं मुद्दाम केलं होतं. मावसभाऊ म्हणाला लोक बघतील, पण वारीत कुणी कुणाच्या पायाकडे त्या नजरेने बघत नाही, तिथे अर्धे लोक अनवाणी असतात.

हडपसरपर्यंत चालणं म्हणजे चालणं नसतंच, गर्दीत पाऊल अर्धं टाकायचं, थांबायचं, परत अर्धं टाकायचं. घाम मात्र सुरू होतो आणि डांबर तापलं की बुटाच्या तळातून गरमी वर येते. ठिकठिकाणी केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, उपवास आहे हे विसरायला होईल इतकं. एका सोसायटीच्या दारात एक काका नुसतं लिंबू सरबत घेऊन उभे होते आणि प्रत्येकाला दोन्ही हातांनी ग्लास देत होते, घेतल्याशिवाय पुढे जाऊच देईनात.

उरुळी देवाचीच्या आसपास उजव्या टाचेला चटका बसल्यासारखं वाटायला लागलं. हीच ती वेळ, आणि गेल्या वर्षी मी हीच वेळ घालवली होती, पुढच्या विसाव्याला बघू म्हणत. यंदा रस्त्याच्या कडेला बसले, मोजा काढला, टाच लाल आणि गरम, फोड अजून नाही. पाय पुसला, पाच मिनिटं वाऱ्याला धरला आणि कागदी चिकटपट्टी लावली, ती मेडिकलमध्ये मिळते ना ड्रेसिंगवर लावायची पांढरी पातळ, तीच. चुणी न पडता, कोपरे गोल कापून, म्हणजे मोज्यात अडकून सुटत नाही.

दिवे घाटात झिमझिम सुरू झाली. घाटाबद्दल सगळे लिहितात म्हणून मी लिहीत नाही, पण वरच्या वळणावरून खाली पाहिलं तेव्हा पताकांची आणि तुळशींची ती ओळ दिसली आणि मी पायाचं सगळं विसरले होते खरं.

सासवडला रात्री आठ वाजता तंबूत बूट काढले. दोन्ही मोजे ओले. उजवा पाय पट्टीमुळे वाचला होता, फोड नाही. डाव्या पायाला काहीच नाही. वास बघितला, अगदी नाकाजवळ नेऊन, सिंथेटिकला आंबूस वास, लांबूनच येणारा. मेरिनोला ओल्या घोंगडीसारखा हलका वास, पण घामाचा नाही. मावसभावाने पण बघितला आणि मान्य केलं.

दोन्ही नुसत्या पाण्यात धुऊन तंबूच्या दोरीवर टाकले. बाहेर रात्रभर भुरभुर.

दिवस दुसरा, सासवड मुक्काम

सकाळी सिंथेटिक मोजा घालण्याइतका कोरडा होता. जाड मेरिनो टाचेला आणि बोटांपाशी ओलाच, दाबला की बोटाला पाणी लागत होतं. आज चालायचं नव्हतं म्हणून बरं. चालायचं असतं तर तो मोजा निरुपयोगी होता, हे स्पष्ट लिहिते कारण मेरिनोचं कौतुक करणारे हे सांगत नाहीत. पावसाळी हवेत जाड लोकरीला वाळायला रात्र पुरत नाही.

सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं, मोठी रांग होती पण सगळे अभंग म्हणत उभे, वेळ कळला नाही. येताना एका वैद्यकीय छावणीत डोकावले. तिथे विद्यार्थी वारकऱ्यांचे पाय बघत होते, तेल लावून चेपून देत होते, फोडांना मलमपट्टी करत होते. एका मुलीला मी विचारलं की फोड नक्की येतो कसा, घासून ना? ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "घासण्यापेक्षा ताणून येतो, काकू." मग तिने माझ्याच हातावर दाखवलं. मनगटावर बोट घट्ट दाबून ठेवलं आणि ते न सरकवता पुढेमागे हलवलं. कातडी बोटाला चिकटून हलते, आतलं हाड तिथेच. टाचेत उलटं होतं, कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढेमागे होतं. मधले थर ताणले जातात, हजारो पावलांनी आत फाटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. आणि दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते.

हे ऐकल्यावर मोज्यांचं गणित मला वेगळंच दिसायला लागलं. मोज्याचं काम म्हणजे पाय मऊ गादीवर ठेवणं नव्हे, कातडी दमट होऊ न देणं. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ आत घेतो आणि तरी हाताला कोरडा लागतो, म्हणजे घाम पाणी व्हायच्या आधीच धाग्यात जातो. पॉलिएस्टर आत जवळजवळ काहीच घेत नाही, ते घाम धाग्यांच्या मधून बाहेर ढकलतं, बुटाच्या जाळीपर्यंत. जाळी मोकळी असेल आणि वारा असेल तर ते मस्त चालतं. बूट बंद असेल तर ढकललेला घाम जाणार कुठे, तिथेच फिरतो.

म्हणून जाळीचे साधे बूट घ्या. वॉटरप्रूफ बूट वारीला मी तरी सुचवणार नाही, एकदा वरून पाणी आत गेलं की आतच राहतं. आणि पाय संध्याकाळपर्यंत सुजतात, तेव्हा बूट दुपारनंतर, जो मोजा घालणार तोच घालून बघा. जाड मेरिनो घातल्यावर माझा बूट पुढे थोडा आवळत होता, हे मी घरी तपासायला हवं होतं.

दिवस तिसरा, सासवड ते जेजुरी

साधारण सोळा किलोमीटर. आज मोज्यांची अदलाबदल केली, मेरिनो उजव्या पायात आणि सिंथेटिक डाव्या. माझा तर्क असा की उजव्या टाचेला सिंथेटिकमुळे चटका बसला असेल तर आज तो डावीकडे बसेल.

तसं झालं नाही. यमाई शिवरीला पोचायच्या आधीच उजव्या टाचेला, तिथेच, परत तसंच गरम वाटायला लागलं, मेरिनो असून. पट्टी कालच काढली होती. डावा पाय सिंथेटिकमध्ये मजेत.

शिवरीला जेवायला बसलो, भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर दिंडीतल्या मामांनी आणलेला गूळ. शेजारीच एक चर्मकार काका वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत बसले होते, दरवर्षी बसतात म्हणाले. मी सहज बूट पुढे केला. त्यांनी मोज्याबद्दल ऐकून घेतलं, पण बघितलं बुटात. दोन बोटं टाचेच्या आत फिरवली आणि म्हणाले, "मोज्याला काय बोल लावता ताई, हे बघा." माझं बोट धरून तिथे ठेवलं. आतलं अस्तर एका जागी फाटून त्याचा गोळा झाला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. डोळ्याला दिसत नव्हता, बोटालाच कळत होता. त्यांनी तो कापला, वर मऊ कातड्याचा तुकडा चिकटवला, हातोडीच्या मागच्या बाजूने दाबून सपाट केला आणि अर्धा तास वाळू द्या म्हणाले. पैसे घेतले नाहीत. पाया पडायला गेले तर त्यांनीच हात जोडले, माऊली म्हणून.

त्यानंतर फलटणपर्यंत त्या टाचेला काही झालं नाही, कोणताही मोजा घातला तरी. त्यामुळे कुणाला फोड एकाच पायाला, एकाच जागी येत असेल तर मोजे बदलण्याआधी बुटात बोट घालून बघा. मोजे अदलाबदल करून चालणं ही त्याची सोपी परीक्षा आहे. चटका मोज्याबरोबर दुसऱ्या पायाला गेला तर दोष मोज्याचा, त्याच पायाला राहिला तर बुटाचा.

जेजुरीत शिरताना येळकोट येळकोट आणि भंडारा, इतका की बूट, मोजे, सॅक सगळं पिवळं. मेरिनोतली हळद अजून पूर्ण गेलेली नाही. ती जावी असं मला वाटतही नाही.

दिवस चौथा, जेजुरी ते वाल्हे

छोटा टप्पा, बाराएक किलोमीटर. दौंडजच्या खिंडीत सगळी वारी न्याहारीला बसते, लोक शिदोऱ्या सोडतात आणि कुणीही कुणाच्याही पंगतीत बसतं. मी चार ठिकाणी खाल्लं असेन.

दुपारच्या आत वाल्ह्यात. इथे हवा पार बदललेली होती. सासवड मागे पडलं की पाऊस मागे पडतो, आभाळ भरलेलं पण कोरडा, जोरदार वारा. वाळवण्याची खरी तुलना करायला हा दिवस सोन्यासारखा होता. सिंथेटिक, पातळ मेरिनो आणि जाड मेरिनो तिन्ही एकाच वेळी धुतले, तिन्ही न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर पायाने उभी राहिले, याने पिळण्यापेक्षा जास्त पाणी निघतं आणि लोकरीचा आकार बिघडत नाही. मग एकाच दोरीवर, एकाच वाऱ्यात. सिंथेटिक दीड तासात वाळला. पातळ मेरिनो साडेतीन तासांत. जाड मेरिनो सूर्य मावळताना टाचेला अजून दमट होता, सहा तास तरी झाले असतील.

म्हणजे फरक नुसता लोकर की सिंथेटिक असा नाहीये, जाडीचा पण तेवढाच आहे. पातळ मेरिनो हा मधला मार्ग मला तिथे सापडला आणि पुढचे तीन दिवस तोच जास्त वापरला. जाड मोजा हिवाळ्यात किंवा हिमालयात कामाचा, आपल्या आषाढात नाही.

दोरीवरचे मोजे बघत दिंडीतल्या आजी येऊन बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या, परभणीकडच्या, कितवी वारी विचारलं तर म्हणाल्या मोजत नाही. त्या प्लास्टिकच्या चपलांवर चालतात. "मोज्यात पाय शिजतोय बाई, उघडा ठेवावा," म्हणाल्या. आणि त्यांचे पाय बघितले तर तळवे चामड्यासारखे, एक फोड नाही. त्यांचं खरंच आहे, ज्याचे पाय वर्षभर उघडे असतात त्याला मोज्याची गरज नाही. आपले पाय ऑफिसच्या बुटात मऊ झालेले असतात, आपण आठ दिवस त्यांच्यासारखं चालायचं ठरवलं तर जमत नाही. पण विसाव्याला बूट-मोजे दोन्ही काढून पाय उघडे ठेवायचे ही त्यांची गोष्ट मी त्या दिवसापासून पाळली. दर विसाव्याला, दहा मिनिटं का होईना.

दिवस पाचवा, वाल्हे ते लोणंद

वीसेक किलोमीटर आणि मधे नीरा. पुलापाशी माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात, तो क्षण बघायला दोन्ही काठ माणसांनी भरलेले असतात. आम्ही पण घोट्यापर्यंत पाण्यात उतरलो. बाहेर आलो तेव्हा दिंडी निघालेली, घाई झाली आणि मी पाय नीट न पुसता, बोटांच्या मधे पाणी तसंच ठेवून जाड मेरिनो चढवला. मावसभावाने पण तसंच केलं, त्याच्या सिंथेटिकमध्ये.

पाडेगावच्या पुढे तासाभराने पायात मोजा जड झाल्यासारखा वाटायला लागला. लोकर वाफ छान पिते, पण तिला सरळ पाण्यात बुडवलं की तीच लोकर ते पाणी सोडत नाही. मोजा काढला तर बोटं पांढरी, सुरकुतलेली, धुणं धुतल्यावर हाताची होतात तशी. ही कातडी फार नाजूक असते, थोड्या ताणाने सोलून निघते. तिथेच बसले, पाय पुसले, वाऱ्याला ठेवले, रंग परत आल्यावर सॅकमधला कोरडा सिंथेटिक घातला. जाड मोजा सॅकच्या मागे सेफ्टीपिनने टांगला.

मावसभाऊ थांबला नाही. त्याचा मोजा माझ्यापेक्षा लवकर वाळला हे खरं, चालता चालता पायातच बराचसा वाळला, आणि पूर्ण भिजणं होणार असेल तर पातळ सिंथेटिकच बरा हे मी त्या दिवशी मानलं. पण तोपर्यंतच्या तासात त्याच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला एकमेकांवर दाबून फोड आला होता. बोटांच्या मधल्या फोडाला मोज्याचं कापड काही करू शकत नाही, कारण तिथे कातडी कातडीला चिकटते. त्यासाठी पाच बोटांचे वेगळे कप्पे असलेले मोजे मिळतात, किंवा सकाळी बोटांच्या मधे थोडं व्हॅसलिन. आणि पाण्यातून आलात की बोटांच्या मधे रुमाल फिरवा, याला अर्धा मिनिट लागतो.

लोणंदच्या छावणीत त्याचा फोड मोठा होता म्हणून त्यांनी निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढलं, वरची कातडी तशीच ठेवली, आणि ती अजिबात ओढू नको असं दोनदा बजावलं. छोटा, न दुखणारा फोड असेल तर टोचतच नाहीत.

संध्याकाळी लोणंदला एक मेंढपाळ काका भेटले, खांद्यावर काळी घोंगडी. मी लोकरीच्या मोज्यांबद्दल विचारत होते तर त्यांना गंमत वाटली, त्यांनी मोजा हातात घेतला, चुरगाळला, गालाला लावला. "ही आमच्या मेंढीची न्हाई. लई मऊ हाय." दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, म्हणून तिची घोंगडी होते, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली, पण ती उघड्या कातडीला टोचते. मेरिनोचा धागा त्या मानाने फार बारीक, कातडीला टेकला की टोचण्याऐवजी वाकतो, म्हणून तो मोज्यात चालतो. घोंगडी किती दिवसांनी धुता विचारलं तर म्हणाले, "धुत्यात कशाला? उन्हात टाकायची, झटकायची." पावसात भिजलेली, मेंढरांत वापरलेली घोंगडी, आणि मी मुद्दाम जवळ गेले, तिला लोकरीचा वास होता पण कुबट नव्हता. माझ्या मोज्याचा वास का येत नाही हे मला त्या घोंगडीने पटवलं.

दिवस सहावा, लोणंद ते तरडगाव

फक्त आठ किलोमीटर, आणि दुपारी चांदोबाचा लिंब, पहिलं उभं रिंगण. अश्व दोन्ही बाजूंच्या दिंड्यांमधून धावत गेला, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला आजी माझ्या आधी पोचल्या.

वासाची परीक्षा आज पूर्ण झाली. पातळ मेरिनो मी जेजुरीपासून आलटून पालटून घालत होते, वाल्ह्याला एकदाच नुसत्या पाण्याने धुतला होता. वास जवळजवळ नाही. सिंथेटिक रोज धुतला होता, धुतल्यावर दोरीवर अगदी स्वच्छ वाटायचा, पण पायात घालून तासभर झाला, गरम झाला की जुना वास परत. पॉलिएस्टरला पाणी आवडत नाही पण तेल आवडतं, आपल्या कातडीचा तेलकटपणा त्याच्या धाग्याला धरून बसतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. जंतूंना तेच हवं असतं. लोकर वासाचे कण ओलाव्याबरोबर आत ओढून घेते, बाहेर नाकापर्यंत कमी येतात, आणि धुताना सुटतात. तंबूत दहा माणसं शेजारी झोपतात तेव्हा ही फार मोठी गोष्ट आहे. सिंथेटिकसाठी मी नंतर हा उपाय केला, उलटा करून, कोमट पाण्यात साबण लावून अर्धा तास भिजत ठेवला, मग बराच फरक पडला. वाटेवर तेवढं निवांत पाणी मिळत नाही पण.

आणि आज पातळ मेरिनोला अंगठ्यापाशी बारीक भोक दिसलं. सहा दिवसांत. सिंथेटिकला काही नाही. नखं निघण्याआधी कापली होती तरी. हजाराच्या वर किंमत देऊन हे झालं की वाईट वाटतं, माझे सिंथेटिक तीनशेला होते. बरोबर सुईदोरा ठेवा, भोक लहान असतानाच गाठ न मारता आडवे-उभे टाके घालून रफू करा, गाठ टोचते आणि तिथेच फोड येतो. मामींनी मला ते करून दिलं, पाच मिनिटांत.

दिवस सातवा, तरडगाव ते फलटण

एकवीसेक किलोमीटर, ऊन. या दिवसापर्यंत माझी पद्धत बसली होती. पहाटे पातळ मेरिनो. निंबोरे ओढ्याला जेवणानंतर पाय पुसून, वाऱ्याला ठेवून, कोरडा सिंथेटिक. सकाळचा मेरिनो सॅकच्या मागे पिनेने टांगलेला, वडजलपर्यंत वाळलेला. म्हणजे दिवसभर दोन जोड फिरत राहायचे आणि पायात कधीच तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ एक मोजा नाही. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, ते संध्याकाळीच हाताला लागतं, म्हणून दुसरा जोड खांद्यावरच्या छोट्या सॅकमध्येच हवा. जाड मेरिनो मी चालायला वापरणंच सोडलं, तो फक्त रात्री झोपताना, कोरडा, कधीही त्यावर चालायचं नाही असा. रात्री पाय पूर्ण कोरडे आणि गरम राहिले की सकाळी कातडी परत घट्ट झालेली असते, हे मला सगळ्यात जास्त जाणवलं.

परत गेले तर काय नेईन? दोन पातळ मेरिनो, एक पातळ सिंथेटिक भिजण्याच्या दिवसासाठी, एक जाड झोपायला. पैसे कमी असतील तर तीन पातळ सिंथेटिक आणि अंगाचा साबण, फोडांच्या बाबतीत मला दोघांत तेवढा फरक मिळाला नाही, वेळेवर बदलले तर. वास मात्र सहन करावा लागेल.

फलटणच्या विमानतळाच्या माळावर मुक्काम. आम्ही तिथून परतणार, दिंडी बरडला जाणार. रात्री गार वारा सुटला होता आणि आजी पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या, तर मी जाड मेरिनो काढून त्यांना दिला, फक्त झोपताना घाला म्हणून. आधी नको नको म्हणाल्या, मग घातले आणि दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून बराच वेळ तशाच बसल्या.

आठवड्याने वाखरीहून मामांच्या फोनवरून त्यांचा फोन आला. पाय शाबूत, मोजे शाबूत, पण भंडारा, चिखल आणि तेल लागून मळलेत, राखेनं घासू का सोड्यानं? मी ओरडलेच, दोन्ही नको, राख आणि सोडा लोकर खातात, गरम पाणी पण नको. थेंबभर शाम्पू, गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलात दाबायचं, सावलीत आडवं टाकायचं. आजी म्हणाल्या, "शाम्पू नातीकडं हाय. घरी गेल्यावर धुती."